गिऱ्हाईक कंपनी बायबॅक करतेय आणि माझे ३८ लाख थकलेत. मला विचारायला नको का?

खोकेवाला

नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत माझं कोरुगेटेड खोक्यांचं छोटं युनिट आहे. बुटीबोरीच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला अकरा वर्षांपासून माल देतोय. आजवर पैसे साठ-सत्तर दिवसांत यायचे. आता सात महिने झाले, ३८ लाख अडकलेत.

परवा त्यांच्या अकाउंटंटला चहाच्या टपरीवर गाठलं. तो म्हणाला, "दोन भावांचं जमत नाही. धाकटे बाहेर पडताहेत, कंपनी त्यांचे शेअर विकत घेतेय, म्हणून हात आखडलाय. दिवाळीपर्यंत थांबा." म्हणजे मालकाचा हिस्सा आधी निघणार आणि माझं बिल नंतर? कुणीतरी सांगितलं की अशा वेळी सगळ्या देणेकऱ्यांना नोटीस पाठवावीच लागते. मला तर साधा फोनही आला नाही. खरं काय ते कुणी सांगेल का?

(वर "देणेकरी" लिहिलं. ज्यांना पैसे येणं आहे ते, म्हणजे आम्ही. आमच्या धंद्यात दोघांनाही तेच म्हणतात, गोंधळ नको.)

पेन्शनर बँकवाला

मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली शेवटची नऊ क्रेडिट विभागात. निश्चिंत राहा. कंपनीचं भांडवल कमी होणार असेल तर प्रकरण मुंबईच्या कंपनी ट्रिब्युनलपुढे, म्हणजे एनसीएलटीपुढे, जातं. तिथून प्रत्येक धनकोला नोटीस निघते आणि हरकत घ्यायला तीन महिने मिळतात. तुमचं देणं फेडल्याशिवाय किंवा त्याला तारण दिल्याशिवाय ट्रिब्युनल मंजुरी देत नाही. नोटिशीची वाट पाहा, आली की रीतसर हरकत टाका.

बाप्पू इतवारीवाले

काहून टेन्शन घेऊन राहिला भाऊ? बायबॅक म्हणजे चांगलीच गोष्ट असते. मी एका मोठ्या आयटी कंपनीच्या बायबॅकमध्ये दोनदा शेअर दिले. दोन लाखांच्या आत होल्डिंग असलं की छोट्या शेअरहोल्डरांसाठी १५ टक्के राखीव असतात, बरेचसे घेतले जातात. फक्त टॅक्स पाहून घे. ऑक्टोबर २०२४ नंतर दिले तेव्हा आलेली सगळीच रक्कम डिव्हिडंड धरली ना! नियम सारखे बदलून राहिले, सीएला विचारूनच दे.

खोकेवाला

बाप्पू, माझ्याकडे त्यांचा एकही शेअर नाही. माझ्याकडे त्यांची बिलं आहेत.

बाप्पू इतवारीवाले

अरे बापा. मग वेगळं आहे.

धंतोली सीएस

बँकवाले काका, तुम्ही सांगितलं ते खरं आहे, पण ते दुसऱ्या रस्त्याचं. कंपनी कायदा २०१३ मध्ये शेअरहोल्डरला त्याचं भांडवल परत द्यायचे दोन रस्ते आहेत. कलम ६६ चा रस्ता भांडवल कपातीचा. त्यात एनसीएलटी, नोटिसा, तीन महिने, सगळं आलं. कलम ६८ चा रस्ता बायबॅकचा, आणि त्यात ट्रिब्युनल नाही, धनकोला नोटीस नाही, त्याची संमतीही नाही. खोकेवाले ज्या नोटिशीची वाट पाहतील ती येणारच नाही.

असं का, ते समजायला थोडं मागे जाऊ. १८८७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ हा खटला आला. फ्लॅनेल बनवणाऱ्या एका कंपनीने स्वतःचेच जवळपास पाव हिस्सा शेअर विकत घेतले होते, पुढे ती बुडाली. एका मृत शेअरहोल्डरचे वारस लिक्विडेटरकडे आले : आमच्या शेअरांची किंमत पूर्ण मिळालेली नाही, उरलेली द्या. लॉर्ड्सनी नकार दिला. कंपनीच्या नियमावलीत खरेदीची मुभा होती, तरीही. मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला उधार देणारा माणूस मालकांच्या घरावर जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी उभी असते ती फक्त भागभांडवलाची उशी. धंद्यात ती उशी झिजली तर तो त्याने पत्करलेला धोका. पण मालकांनीच ती मागच्या दाराने उचलून नेली तर तो धोका त्याने कधी पत्करलाच नव्हता.

आपल्याकडेही १९९८ पर्यंत कोर्टाच्या मंजुरीने भांडवल कमी केल्याशिवाय कंपनीला आपले शेअर घेता येत नव्हते. त्या वर्षीच्या वटहुकमाने दार किलकिलं केलं, आणि कोर्टाच्या जागी काही अटी ठेवल्या. म्हणजे धनकोला विचारायचं नाही, पण त्याच्या वतीने अटी पहारा देतील. तुमचं संरक्षण असेल तर ते त्या अटींत आहे.

कंपनीचा ताळेबंद मिळेल का? एमसीएच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून कुणालाही पाहता येतो.

खोकेवाला

धन्यवाद ताई. भाच्याला बसवून काढला. ३१ मार्चचे आकडे :

भरणा झालेलं भांडवल १ कोटी (१० रुपयांचे १० लाख शेअर). जनरल रिझर्व्ह आणि नफ्याची शिल्लक मिळून ३.२० कोटी. सिक्युरिटीज प्रीमियम ८० लाख. जमिनीचा रिव्हॅल्युएशन रिझर्व्ह २.५० कोटी. बँकेचं कर्ज, सीसी आणि टर्म लोन मिळून, ५.४० कोटी. संचालकांकडून घेतलेलं १ कोटी. माल देणाऱ्यांचं देणं १.८० कोटी, आदल्या वर्षी ते १.१० होतं. बँकेतली शिल्लक २२ लाख.

धाकट्याकडे ३ लाख शेअर आहेत, म्हणजे ३० टक्के. ५० रुपयांनी घेणार, एकूण दीड कोटी. हे अकाउंटंटच्या तोंडून.

पेन्शनर बँकवाला

नेटवर्थ साडेसात कोटी दिसतेय, दीड कोटी म्हणजे वीस टक्के. आरामात बसतं.

धंतोली सीएस

काका, रिव्हॅल्युएशन रिझर्व्ह वगळा. जमिनीचा भाव कागदावर वाढला म्हणून वाटायला पैसा तयार होत नाही. मुक्त राखीव निधीत तो धरत नाहीत. सिक्युरिटीज प्रीमियम मात्र बायबॅकसाठी धरता येतो. म्हणजे भांडवल १, रिझर्व्ह ३.२०, प्रीमियम ०.८०, एकूण ५ कोटी.

या ५ कोटींच्या २५ टक्के, म्हणजे सव्वा कोटी, ही बायबॅकची कमाल रक्कम. दीड कोटी बसत नाही. शिवाय इक्विटी शेअरांसाठी दुसरी मोजपट्टीही आहे : एका आर्थिक वर्षात भरणा भांडवलाच्या २५ टक्क्यांहून जास्त शेअर घेता येत नाहीत. इथे ते अडीच लाख शेअर. धाकट्याचे तीन लाख एकदम घेणं दोन्हीकडून अडतं. अडीच लाख घेतले तर ५० च्या भावाने बरोबर सव्वा कोटी होतात. उरलेले पन्नास हजार मोठ्या भावाने स्वतःच्या खिशातून घ्यावेत, नाहीतर थांबावं. पहिली ऑफर बंद झाल्यापासून एक वर्ष दुसरी आणता येत नाही.

ऑफर सगळ्या शेअरहोल्डरांना द्यावी लागते, पण बाकीच्यांनी शेअर पुढे केले नाहीत तर धाकट्याचेच घेतले जातात. घरातल्या कंपन्यांत असंच चालतं.

एक गंमत बघा. ५ कोटींच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५० लाखांपर्यंत, संचालक मंडळाचा ठराव पुरतो. त्यावर विशेष ठराव हवा, म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट. मोठ्याकडे ७० आणि धाकट्याकडे ३०. धाकटा किमतीवरून अडून बसला तर ७० मतं ३० च्या तिप्पट होत नाहीत. म्हणजे दोघांचं पटल्याशिवाय हे होणार नाही.

बुटीबोरीचा छोटा उद्योजक

मी या कुंपणाच्या पलीकडचा. तीन वर्षांपूर्वी माझ्या भागीदाराला असंच बाहेर काढलं, तेव्हा आम्हीही बायबॅकच केला. खोकेवाले साहेब, मालक लोक चोरच असतात असं नाही. भांडण घेऊन धंदा चालवण्यापेक्षा एकाला मोकळं करणं सगळ्यांच्याच हिताचं असतं, पुरवठादारांच्याही.

आम्हाला सर्वांत जास्त त्रास बँकेने दिला. सँक्शन लेटरमध्ये अट होती की भांडवलात बदल करायचा तर बँकेची एनओसी हवी. ती यायला अडीच महिने लागले, आणि येताना पर्सनल गॅरंटी वाढवून घेतली. दुसरी गोष्ट सॉल्व्हन्सीचं प्रतिज्ञापत्र. आम्ही दोघा संचालकांनी सही केली, पण सीएने ते आधी मोठ्याने वाचून दाखवलं. कंपनीच्या व्यवहारांची पूर्ण चौकशी केली आहे, ती तिची देणी देऊ शकते आणि वर्षभरात दिवाळखोर होणार नाही. वाचून झाल्यावर खोलीत कुणी बोलेना. मग मी स्टोअरच्या मुलाला बोलावलं आणि पुरवठादारांची यादी मागवली.

पेन्शनर बँकवाला

रिव्हॅल्युएशनचं चुकलं माझं, मान्य. पण थकबाकीदार कंपनीला बायबॅकची मुळातच बंदी आहे, हे तर नक्की. कलम ७०. सात महिने उधारी थकली म्हणजे डिफॉल्टच की.

धंतोली सीएस

हीच तर खोकेवाल्यांच्या प्रश्नातली खरी जखम आहे, म्हणून सावकाश लिहिते.

कलम ७० कोणत्या थकबाकीला बंदीचं कारण मानतं ते वाचा. ठेवी किंवा त्यांचं व्याज, डिबेंचर किंवा प्रेफरन्स शेअरची परतफेड, जाहीर केलेला डिव्हिडंड, बँकेचं किंवा वित्तसंस्थेचं मुदत कर्ज किंवा त्याचं व्याज. यांपैकी काही थकलं असेल तर बायबॅक नाही. ती थकबाकी मिटली तरी पुढे तीन वर्षं नाही. या यादीत माल देणारा नाही. बँकेचा हप्ता चुकला तर दार बंद होतं, खोकेवाल्याचे सात महिने चुकले तर उघडंच राहतं.

आता पैसा कुठून येतो ते पाहा. लोकांना वाटतं रिझर्व्ह म्हणजे तिजोरीत वेगळी बांधून ठेवलेली रोकड. तसं नसतं. तो ताळेबंदातला आकडा आहे. त्यामागचा पैसा मशिनरीत, गोदामातल्या मालात आणि गिऱ्हाइकांच्या उधारीत गुंतलेला असतो. इथे रिझर्व्ह आणि प्रीमियम मिळून चार कोटी, आणि बँकेत २२ लाख. सव्वा कोटी द्यायचे तर एक कोटीच्या वर रोकड कुठूनतरी काढावी लागेल. पुरवठादारांचं देणं एका वर्षात १.१० वरून १.८० कोटींवर गेलंय. विक्रीही त्याच प्रमाणात वाढली असेल तर हरकत नाही. नसेल तर धाकट्या भावाचे पैसे तुम्ही आणि तुमच्यासारखे आणखी काही जण मिळून उभे करताहात, बिनव्याजी.

खोकेवाला

ताई, विक्री पाहिली. जेमतेम चार टक्के वाढली आहे.

बाप्पू इतवारीवाले

घ्या!

वर्धा रोड सीए

धाग्यात उशिरा आलो. कर्जाच्या प्रमाणाची अट अजून कुणी काढली नाही. बायबॅकनंतर कंपनीचं सुरक्षित आणि असुरक्षित मिळून कर्ज हे भांडवल अधिक मुक्त रिझर्व्हच्या दुपटीहून जास्त असता कामा नये. इथे लोक हमखास एक चूक करतात. ५ कोटींतून सव्वा कोटी वजा करून ३.७५ धरतात. पण जेवढ्या दर्शनी किमतीचे शेअर घेतले तेवढी रक्कम कॅपिटल रिडेम्प्शन रिझर्व्हमध्ये टाकावी लागते, आणि तो रिझर्व्ह मुक्त नाही. त्यातून पुढे फक्त बोनस शेअर देता येतात.

म्हणून असं धरा. अडीच लाख शेअरांचे दर्शनी २५ लाख गेले, भांडवल उरलं ७५ लाख. शेअरमागे ४० रुपये जास्तीचे दिले, ते एक कोटी रिझर्व्हमधून गेले. आणखी २५ लाख त्या रिडेम्प्शन रिझर्व्हमध्ये अडकले. चार कोटींतले २.७५ उरले. ०.७५ आणि २.७५ मिळून साडेतीन कोटी, त्याची दुप्पट सात.

या २५ लाखांमागचा हेतू धनकोच आहे. भांडवल २५ लाखांनी घटलं, तर तेवढेच रिझर्व्हमधले पैसे वाटपाच्या पलीकडे कुलूपबंद केले. उशी जितकी कापली तितकीच आतून परत भरली.

बँकेचे ५.४० आणि संचालकांचा १ कोटी मिळून कर्ज ६.४० कोटी. सातच्या आत आहे, अट पाळली.

धंतोली सीएस

पुरवठादारांचे १.८० कोटी का नाही धरले?

वर्धा रोड सीए

कारण ती उसनवारी नाही, चालू देणं आहे. कर्ज-भांडवल प्रमाण काढताना ट्रेड पेएबल्स कुणीच घेत नाही.

धंतोली सीएस

बँकेत घेत नाहीत. पण कायद्याचे शब्द "कंपनीने देणं असलेली सुरक्षित आणि असुरक्षित कर्जं" अशा अर्थाचे आहेत. मुदत उलटून सात महिने झालेलं बिल असुरक्षित देणं नाही तर काय? धरलं तर ८.२० कोटी होतात आणि प्रमाण मोडतं. धरलं नाही तर ६.४० आणि पास. सगळा निकाल एका शब्दावर.

वर्धा रोड सीए

तुम्ही म्हणता तसं धरायला लागलं तर ट्रेडिंग कंपन्यांना बायबॅक करताच येणार नाही. मी सर्टिफिकेट देताना उसनवारीच धरतो, माझे दोन सीनियरही तेच करतात.

धंतोली सीएस

आणि मी सावधपणे दोन्ही आकडे बोर्डापुढे ठेवते. इथे आपलं एकमत होणार नाही, राहू द्या.

पेन्शनर बँकवाला

मग त्या गरीब माणसाने करायचं काय? माझ्या मते सरळ आयबीसीची नोटीस ठोका, दिवाळखोरीचं नाव काढलं की पैसे येतात.

वर्धा रोड सीए

मार्च २०२० पासून मर्यादा एक कोटी आहे काका. ३८ लाखांवर अर्ज दाखलच होत नाही.

धंतोली सीएस

खोकेवाले, बायबॅक थांबवायचा थेट हक्क तुम्हाला नाही, हे कडू असलं तरी मान्य करा. पण ते प्रतिज्ञापत्र तुमच्या उपयोगाचं आहे. पोर्टलवर कंपनीच्या नावाखाली विशेष ठरावाचा `MGT-14`, ऑफर लेटरचा `SH-8` आणि सॉल्व्हन्सी जाहीरनाम्याचा `SH-9` आलाय का, ते दर आठवड्याला पाहा. `SH-9` सोबत मालमत्ता आणि देण्यांचं पत्रक असतं, निदान दोन संचालकांच्या सह्या असतात, मॅनेजिंग डायरेक्टर असेल तर त्यातली एक त्याची. त्यात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कलम ४४८ आणि ४४७, म्हणजे फसवणुकीचं प्रकरण. दंड भरून सुटण्यातलं ते नाही.

म्हणून ती सही होण्याआधी तुमचा दावा त्यांच्या दप्तरात पक्का बसवा. ३१ मार्चच्या बाकीचं कन्फर्मेशन पत्र आहे का?

खोकेवाला

आहे, पण त्यावर त्यांनी २२ लाख लिहिलेत. १६ लाखांची डेबिट नोट लावली आहे : "पावसात खोकी भिजली, ताकद कमी." माल त्यांच्याच शेडमध्ये पंधरा दिवस ताडपत्रीशिवाय पडला होता. माझ्या ड्रायव्हरकडे उतरवतानाचे फोटो आहेत आणि चलनावर त्यांच्या स्टोअरचा शिक्का, "माल चांगल्या स्थितीत मिळाला."

धंतोली सीएस

मग सोळा लाखांसाठीही गप्प बसू नका. लेखी कळवा : डेबिट नोट अमान्य, चलनाची प्रत जोडली आहे, एकूण येणं ३८ लाख. पत्र रजिस्टर्ड एडीने आणि ईमेलने, ऑडिटरलाही प्रत. आता उद्या कुणी "आम्हाला या देण्याची कल्पना नव्हती" म्हणू शकणार नाही. कलम ६६ चा रस्ता असता तर वादातला दावाही ट्रिब्युनलपुढे आला असता, आणि तो ठरवून किंवा त्याला तारण देऊनच पुढे जाता आलं असतं. ज्या अधिकाऱ्याने जाणूनबुजून धनकोचं नाव यादीतून लपवलं, त्याच्यावर तिथेही ४४७ आहे. बायबॅकमध्ये ते काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं.

उद्यम नोंदणी आहे का? कधीची?

खोकेवाला

२०२१ ची. ही सगळी बिलं त्यानंतरची.

वर्धा रोड सीए

मग एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जा. ४५ दिवसांपुढे आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. अर्जात व्याजाचा तक्ता जोडा. आमच्या पेशातले लोक तो आकडा पाहिला की ताळेबंदाला हात लावायच्या आधी क्लायंटला फोन करतात.

बुटीबोरीचा छोटा उद्योजक

खरंय. आमच्या वेळी अशा एका पत्राने ऑडिटरने सही आठ दिवस थांबवली होती. तेव्हा त्या पुरवठादाराचा राग आला होता, आता नाही येत.

खोकेवाला

अपडेट. पत्र गेलं त्याला बारा दिवस झाले. काल मोठ्या भावाचा स्वतः फोन आला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. २२ लाखांपैकी १० आरटीजीएसने आले, १२ चे दोन पुढच्या तारखांचे चेक देतो म्हणाले. १६ लाखांवर "बसून बोलू." पोर्टलवर `MGT-14` आला आहे, अडीच लाख शेअर, ५० रुपये भाव. `SH-9` अजून नाही.

चेक घ्यावेत की आधी कौन्सिलचा अर्ज टाकावा?

बाप्पू इतवारीवाले

चेक घे आणि अर्जही टाक. पण ताई सांगतील ते खरं.

धंतोली सीएस

चेक घ्या, पण पावतीवर "पूर्ण आणि अंतिम" असं काही लिहून देऊ नका. चेकांच्या तारखा काय टाकल्या आहेत? ऑफर बंद होऊन धाकट्याला पैसे मिळायच्या आधीच्या की नंतरच्या?

खोकेवाला

एक आधीची. एक नंतरची.